आठ टक्के आले, बारा टक्के गेले

वाचकाचे पत्र

आम्ही दोघेही नोकरी करतो. गेल्या वर्षी दोघांचे मिळून महिन्याला हातात ६०,००० रुपये येत, ५१,००० खर्च होत आणि ९,००० मागे पडत. यंदा मिळकत ८ टक्क्यांनी वाढली, पण खर्च १२ टक्क्यांनी वाढला. यजमान म्हणतात, फरक चारच टक्क्यांचा आहे, बचत चार टक्क्यांनी कमी झाली असेल, त्यात एवढे काय. मला मात्र शिल्लक बरीच आटल्यासारखी वाटते. जाऊबाईंकडे मिळकत आमच्याएवढीच आहे आणि दोन्ही वाढीही साधारण आमच्यासारख्याच आहेत, तरी त्यांची बचत उलट वाढली. मुलगी आठवीत आहे. बारावीनंतरच्या शिक्षणासाठी चार वर्षे दरमहा १२,००० बाजूला पडावेत असा आमचा अंदाज आहे. म्हणजे ९,००० ची बचत ३३ टक्क्यांनी वाढवायची. मिळकत ३३ टक्के वाढल्याशिवाय हे कसे जमणार? आमचे नेमके कुठे चुकते आहे? सोबत दोन्ही वर्षांचा दरमहाचा खर्च जोडला आहे.

— एक वाचक, नाशिक

उत्तर

तुम्ही खर्चाचे दोन्ही वर्षांचे आकडे बाबवार पाठवलेत, हे फार बरे केलेत. त्यांच्याविना या प्रश्नाला मोघम उत्तराखेरीज काही देता आले नसते. आधी तुमचा आणि यजमानांचा वाद मिटवू. ६०,००० चे ८ टक्के म्हणजे ४,८०० रुपये आणि ५१,००० चे १२ टक्के म्हणजे ६,१२० रुपये. मिळकत ६४,८०० झाली, खर्च ५७,१२० झाला आणि मागे राहिले ७,६८०. बचत १,३२० रुपयांनी घटली, आणि ९,००० वर ही घट साडेचौदा टक्क्यांहून थोडी अधिक आहे. यजमानांच्या चार टक्क्यांच्या हिशोबाने ती फक्त ३६० रुपये असायला हवी होती.

चूक वजाबाकीत नाही, ती वजाबाकी करण्यातच आहे. आठ टक्के साठ हजारांचे आहेत, बारा टक्के एक्कावन्न हजारांचे आहेत आणि येणारे उत्तर आपण नऊ हजारांना लावू पाहतो. तीन टक्केवाऱ्यांचे पाये तीन वेगवेगळे असताना त्या एकमेकींतून वजा करता येत नाहीत. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत अशी उदाहरणे ढिगाने असतात आणि त्यांत ‘एक व्यक्ती उत्पन्नाच्या इतके टक्के बचत करते’ हे वाक्य पहिल्याच ओळीत दिलेले असते. ते वाक्य गाळले तर उदाहरण सुटतच नाही. घरात बोलताना मात्र आपण नेमके तेच गाळतो.

म्हणून मिळकत शंभर रुपये धरून पाहा. तुमच्याकडे शंभरातले ८५ खर्च होत आणि १५ उरत. शंभराचे १०८ झाले, ८५ चे ९५ रुपये २० पैसे झाले, उरले १२ रुपये ८० पैसे. पंधरावरून आपण पावणेतेराच्या आसपास आलो. हिशोब एवढाच आहे आणि तो कोणत्याही घराला लावता येतो.

आता जाऊबाई. त्यांचे आकडे माझ्याकडे नाहीत, पण त्या वडिलोपार्जित घरात राहत असतील आणि त्यांना घराचा हप्ता नसेल असे धरू. तुमच्या खर्चातून १८,००० चा हप्ता वजा केला तर ३३,००० उरतात, तोच त्यांचा खर्च मानू. ३३,००० चे १२ टक्के म्हणजे ३,९६० रुपये. मिळकत मात्र त्यांचीही ४,८०० ने वाढली. त्यामुळे त्यांची बचत २७,००० वरून २७,८४० झाली. पगारवाढ तीच, महागाई तीच, तरी एका घरात शिल्लक वाढली आणि दुसऱ्या घरात घटली, आणि यात काटकसरीचा किंवा उधळपट्टीचा काही संबंध नाही. ८ भागिले १२ म्हणजे दोन तृतीयांश. वाढीचे हे दोन दर असताना ज्या घराचा खर्च मिळकतीच्या दोन तृतीयांशापेक्षा कमी आहे, तिथे बचतीचे रुपये वाढतील. ज्या घराचा अधिक आहे, तिथे घटतील. तुमचा खर्च मिळकतीच्या ८५ टक्के आहे, त्यामुळे घट होणारच होती. जाऊबाईंशी तुलना करून घरात कुणी मन खट्टू करून घेतले असेल, तर ते विनाकारण आहे.

तुमच्या पत्रातले दुसरे गृहीतक मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण त्याने तुम्हाला उगाच हताश केले आहे. बचत ३३ टक्क्यांनी वाढवायची तर मिळकतही ३३ टक्के वाढली पाहिजे, असे तुम्ही लिहिता. खर्च ५१,००० वरच राहिला असता, तर ९,००० ची बचत १२,००० करायला ३,००० रुपये लागले असते, आणि ६०,००० च्या मिळकतीत ३,००० म्हणजे पाच टक्के वाढ. जी गोष्ट घट होताना तुमच्या विरुद्ध गेली, तीच इथे तुमच्या बाजूने आहे. बचत म्हणजे दोन मोठ्या रकमांमधला लहान फरक. त्या रकमा थोड्या सरकल्या की फरक बराच हलतो, खालीही आणि वरही. त्यामुळे बचतीच्या बाबतीत टक्केवारी मनाला घाबरवते किंवा खोटा धीर देते. इथून पुढे आपण रुपयांतच बोलू.

दरमहा १२,००० मागे पडायचे तर आजच्या ६४,८०० मिळकतीत खर्च ५२,८०० च्या आत हवा. तो ५७,१२० आहे, म्हणजे ४,३२० रुपयांची तफावत आहे. ती कशी भरायची हे ठरवण्याआधी, वाढलेले ६,१२० कुठे गेले ते बघायला हवे.

तुमच्या यादीत गृहकर्जाचा हप्ता १८,००० होता, तो तेवढाच आहे. याचा अर्थ सगळी वाढ उरलेल्या ३३,००० मध्ये झाली, आणि तिथे तिचा दर १२ टक्के नसून साडेअठरा टक्के आहे. किराणा, दूध, भाजी आणि गॅस १२,००० वरून १३,०८० वर गेले. वीज, मोबाइल, सोसायटीचा मेंटेनन्स आणि पेट्रोल मिळून ६,५०० चे ७,०४० झाले. सासूबाईंची औषधे ३,००० ची ३,३०० झाली. या तिन्हींची वाढ आठ ते दहा टक्क्यांच्या घरात आहे आणि ती एकूण १,९२० रुपये भरते. बाकीचे ४,२०० रुपये दोनच बाबींनी घेतले आहेत. मुलीची शाळा, बस आणि क्लास ७,५०० वरून ९,९०० वर गेले, तर बाहेरचे जेवण, कपडे, ऑनलाइन खरेदी आणि फिरणे ४,००० वरून ५,८०० वर. महागाईने आपल्याला गाठले, असे तुम्ही दोघेही समजत असाल, पण सहा हजारांतले जेमतेम दोन हजार तिच्या नावावर टाकता येतात.

या दोन मोठ्या वाढींचा स्वभाव मात्र एक नाही. शाळेच्या बाबीतल्या २,४०० पैकी १,८०० नव्याने लावलेल्या गणित-विज्ञानाच्या क्लासचे आहेत, असे तुम्ही यादीच्या कडेला लिहिले आहे. ही एकदाच चढलेली पायरी आहे. क्लासची फी पुढच्या वर्षी थोडीफार वाढेल, पण शून्यावरून १,८०० ची उडी पुन्हा होणार नाही. म्हणून यंदाचे १२ टक्के दरवर्षी असेच चालतील असे धरून पुढची वर्षे मांडू नका. तसे मांडले तर दुसऱ्या वर्षी बचत ६,००० च्या आसपास येते, तिसऱ्या वर्षी ३,९०० वर, चौथ्या वर्षी १,४०० च्या खाली, आणि पाचव्या वर्षी महिन्याला १,७०० रुपये कमी पडू लागतात. दोन दरांमधली तफावत सातत्याने राहिली तर काय होते, हे समजण्यापुरताच या आकड्यांचा उपयोग आहे. बाहेरच्या जेवणाच्या आणि खरेदीच्या बाबीत मात्र अशी कोणतीही पायरी दिसत नाही. ती पगारवाढीच्या मागोमाग सरकली आहे, आणि लक्ष दिले नाही तर पुढच्या वाढीमागेही सरकेल.

यावर तुमच्यापुढे तीन मार्ग आहेत. सगळे ४,३२० आजच खर्चातून कापणे हा पहिला. क्लास बंद करावा लागेल, किराण्यात काटछाट करावी लागेल, आणि दोनतीन महिन्यांत घरात धुसफूस सुरू होऊन सगळे पूर्ववत होईल, असे मला वाटते. दुसरा मार्ग म्हणजे सध्या जेवढे उरते तेवढे टाकायचे आणि पगार बराच वाढेपर्यंत थांबायचे. पण यंदा पगार वाढूनही काय झाले ते तुम्ही पाहिलेच आहे.

तिसरा मार्ग मला पटतो, आणि तो तुमच्या गृहकर्जाच्या हप्त्यामुळे शक्य होतो. ज्या हप्त्यामुळे यंदा तुमची स्थिती जाऊबाईंपेक्षा वेगळी झाली, तो दरवर्षी वाढत नाही. त्यामुळे एकूण खर्चाचा वाढता भाग लहान आहे. आज फक्त एक गोष्ट करा: खरेदी आणि हॉटेलचा खर्च गेल्या वर्षीच्या ४,००० वर आणा. बचत ९,४८० होईल. हप्ता सोडून उरलेला खर्च ३७,३२० राहील. पुढच्या वर्षी मिळकत पुन्हा ८ टक्क्यांनी वाढली तर ५,१८४ रुपये अधिक येतील. हप्त्याव्यतिरिक्तचा खर्चही ८ टक्क्यांनी वाढला तरी तो २,९८६ रुपयांनीच वाढेल. म्हणजे दोन्हीकडे आठच टक्के असूनही बचतीत सुमारे २,२०० ची भर पडेल आणि ती ११,६८० च्या जवळ पोहोचेल. याच चालीने तिसऱ्या वर्षी दरमहा १४,०५० आणि चौथ्या वर्षी १६,६०० मागे पडतात. चारही वर्षांची बेरीज सुमारे ६ लाख २० हजार रुपये होते. तुमच्या मूळ अंदाजाप्रमाणे दरमहा १२,००० टाकून ५ लाख ७६ हजार झाले असते. पहिल्या वर्षी तुम्ही महिन्याला अडीच हजारांनी मागे राहाल, पण तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी ते भरून निघेल.

याला दोन अटी आहेत. पहिली, या चार वर्षांत नवा हप्ता घ्यायचा नाही. दुचाकी किंवा मोठा फोन हप्त्याने घेऊन महिन्याला २,२०० जायला लागले, की पुढच्या वर्षीची सगळी भर तिथेच संपली. ‘शून्य टक्के व्याज’ लिहिलेल्या हप्त्यालाही हे लागू आहे, कारण इथे प्रश्न व्याजाचा नसून दरमहा बाहेर जाणाऱ्या रकमेचा आहे. दुसरी अट पगारवाढीची. वाढ आठऐवजी पाच टक्केच मिळाली तर ३,२४० रुपये येतील, खर्च २,९८६ ने वाढेल आणि भर जेमतेम २५४ ची पडेल. खर्चाची वाढ ८ टक्के असताना मिळकतीची वाढ साधारण ४.६ टक्क्यांच्या खाली गेली, तर बचत पुन्हा घटू लागेल. वाढीचे पत्र हातात आले की पहिल्यांदा या आकड्याशी ताडून पाहा. मात्र त्या पत्रातली टक्केवारी बहुधा वार्षिक पॅकेजवर असते, आणि त्यात मालकाने भरायचा पीएफ, ग्रॅच्युइटी अशा हातात न येणाऱ्या रकमाही धरलेल्या असतात. म्हणून हिशोब खात्यात जमा होणाऱ्या रकमेवरूनच करा. तुमच्या पगारातून कापला जाणारा पीएफही बचतच आहे, पण ती निवृत्तीची आहे. मुलीच्या शिक्षणाच्या हिशोबात तिला ओढू नका.

गृहकर्जाचा दर बदलता असेल तर व्याजदर वाढल्यावर बँका अनेकदा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवतात. त्यामुळे वरचा हिशोब लगेच बिघडत नाही, पण कर्ज लांबते. वर्षातून एकदा बँकेकडून उरलेली मुदत विचारून घ्यावी.

आता एक शंका, जी मी तुमच्याच नव्हे तर मासिक बचतीचा आकडा सांगणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत घेतो. गेल्या वर्षीचे ९,००० खरोखर मागे पडत होते का? विम्याचे वार्षिक हप्ते, घरपट्टी, गाडीची सर्व्हिसिंग, दिवाळी, लग्नकार्यातले आहेर हे दरमहाच्या यादीत सहसा नसतात. तुमच्या यादीतही ते दिसत नाहीत. पडताळणी सोपी आहे. गेल्या वर्षी ३१ मार्चला सगळ्या खात्यांतली शिल्लक, आवर्ती आणि मुदत ठेवी, आणि एसआयपीत भरलेली रक्कम किती होती ते काढा. त्यातून क्रेडिट कार्डाची थकबाकी वजा करा. हाच आकडा यंदाच्या ३१ मार्चचा काढा. दोन्हींतला फरक १,०८,००० च्या जवळपास असायला हवा. तो ७०,००० निघाला, तर तुमची खरी मासिक बचत ५,८०० होती आणि उरलेले पैसे वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांत गेले. तसे असेल तर त्या खर्चांची वार्षिक बेरीज बाराने भागून मासिक खर्चात मिळवा आणि वरचे सगळे आकडे पुन्हा मांडा. उत्तर थोडे कठोर येईल, पण फसवे असणार नाही.

हा पैसा कुठे ठेवायचा, याबद्दल थोडक्यात. मुदत चारच वर्षांची असल्याने मी बँकेची आवर्ती ठेव सुचवेन. ती ४८ महिन्यांची करता येते. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते आणि मुदतीआधी बंद केली की व्याज कमी मिळते, त्यामुळे ती तुमच्या वेळापत्रकात बसत नाही. सुकन्या समृद्धी खाते मुलगी दहा वर्षांची होण्याआधीच उघडावे लागते. तो पर्याय तुमच्यासाठी संपला आहे. आवर्ती ठेवीचा हप्ता सहसा मुदतभर एकच राहतो, म्हणून आज ९,००० ची एक सुरू करा आणि दर पगारवाढीनंतर वाढलेल्या रकमेची दुसरी, मुदत तेवढी कमी ठेवून. हप्ता पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआप वळता होऊ द्या. महिनाअखेरीस उरेल ते टाकू, असे ठरवले की ते १,८०० पुन्हा हॉटेलात जातात.

व्याज मी वरच्या बेरजेत मुद्दाम धरलेले नाही. शिक्षणाचा खर्चही चार वर्षांत वाढेल आणि ती वाढ व्याज बरेचसे खाऊन टाकेल. तुमचा प्रत्येक हप्ता सरासरी दोनच वर्षे व्याज मिळवतो, फी मात्र पूर्ण चार वर्षे वाढत राहते. म्हणून १२,००० हा आकडा पुरेसा न मानता किमान माना आणि वर दिसणारे जास्तीचे ४४,००० आधीच कशावर खर्च करून टाकू नका.

शेवटची अडचण आणीबाणीच्या पैशांची. हा सगळा आराखडा बचतीचा प्रत्येक रुपया मुलीच्या शिक्षणाकडे वळवतो. दोघांपैकी एकाची नोकरी गेली किंवा सासूबाईंना दवाखान्यात ठेवावे लागले, तर हात घालायला वेगळी रक्कम हवी. दरमहा ५५,३२० खर्चाच्या घरात तीन महिन्यांचे म्हणजे सुमारे १ लाख ६६ हजार रुपये सहज काढता येतील अशा ठेवीत असावेत. आजवरच्या शिलकीतून तेवढे बाजूला असतील, तर या महिन्यापासून सुरुवात करा. नसतील, तर पहिल्या वर्षीचे ९,४८० शिक्षण आणि आणीबाणी यांत निम्मे-निम्मे वाटा आणि दिवाळीचा बोनस पूर्णपणे आणीबाणीच्या ठेवीत टाका. तसे केल्यास शिक्षणाचा निधी चार वर्षांअखेर ६ लाख २० हजारांऐवजी साधारण ५ लाख ६५ हजार होईल. कमी पडणाऱ्या रकमेसाठी शैक्षणिक कर्ज मिळू शकते. दवाखान्याच्या बिलासाठी ऐनवेळी काढलेले कर्ज मात्र त्याहून बरेच महाग पडते.